गुस्तार-वर्गीय क्रियापदे (स्पॅनिश)

स्पॅनिश भाषेतील 'आवडणे' या अर्थाचे क्रियापद गुस्तार आणि त्याच्या घडणीने चालणारी इतर क्रियापदे. या क्रियापदांच्या वाक्यात आवडणारी वस्तू कर्ता असते आणि ज्याला ती आवडते ती व्यक्ती चतुर्थीत जाते. इंग्रजीत व्यक्ती कर्ता आणि वस्तू कर्म असते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला म्हणून ही रचना उलटी वाटते आणि 'उलटी क्रियापदे' हे नाव तिथूनच पडले. मराठीकडून पाहिले तर ती सरळच आहे. 'मला आंबे आवडतात' या वाक्यात 'मला' चतुर्थीत आहे आणि क्रियापद आंब्यांप्रमाणे अनेकवचनी झाले आहे. स्पॅनिशमध्ये नेमके तेच घडते: 'मे गुस्तान लोस मांगोस'. मे म्हणजे मला, गुस्तान म्हणजे आवडतात, लोस मांगोस म्हणजे आंबे. एकच आंबा असेल तर 'मे गुस्ता एल मांगो'.

भारतात स्पॅनिश बहुधा इंग्रजी पुस्तकांतून शिकवली जाते. त्यामुळे मराठी विद्यार्थीही 'मी' या अर्थाचा 'यो' घेऊन 'यो गुस्तो मांगोस' असे चुकीचे वाक्य करतो. मनातले मराठी वाक्य थेट स्पॅनिशमध्ये नेले असते, तर ही चूक झालीच नसती. दोन ठिकाणी मात्र काळजी हवी. आंबे साधारणपणे क्रियापदानंतर येतात, म्हणून ते कर्म आहेत असा भास होतो. शिवाय एल, ला, लोस, लास ही उपपदे मराठीत नाहीत. 'कॉफी आवडते' म्हणताना 'मे गुस्ता काफे' चुकते, 'मे गुस्ता एल काफे' असे म्हणावे लागते.

चतुर्थीची सर्वनामे सहा आहेत: मे (मला), ते (तुला), ले (त्याला, तिला, एकाशी आदराने बोलताना तुम्हाला), नोस (आम्हाला, आपल्याला), ओस (तुम्हा लोकांना, मुख्यतः स्पेनमध्ये) आणि लेस (त्यांना, अनेकांशी आदराने बोलताना, आणि लॅटिन अमेरिकेत एरवीही, तुम्हाला).

मराठी माणूस खरा अडखळतो तो इथे. मराठीत 'आईला आंबे आवडतात' एवढे म्हटले की पुरते. स्पॅनिशमध्ये 'आईला' म्हटल्यावरही 'तिला' पुन्हा म्हणावे लागते: 'आ मी माद्रे ले गुस्तान लोस मांगोस'. शब्दशः 'माझ्या आईला तिला आवडतात आंबे'. मराठी कानाला ले फाजील वाटतो आणि गाळला जातो. पण तो गाळून चालत नाही. गाळता येतो तो 'आ मी माद्रे' हा भाग, कारण कोणाबद्दल बोलतो आहोत हे कळत असेल तर नुसते 'ले गुस्तान' पुरते. नकारातील नो ('नाही') या सर्वनामाच्या आधी येतो: 'आ मी माद्रे नो ले गुस्तान लोस मांगोस'.

वाक्य रचताना दोन वचने स्वतंत्रपणे ठरवावीत. 'मुलांना पुस्तक आवडते' हे उदाहरण घेऊ. आवडणारे पुस्तक एक, म्हणून क्रियापद गुस्ता. आवडून घेणारी मुले अनेक, म्हणून सर्वनाम लेस. वाक्य झाले 'आ लोस निन्योस लेस गुस्ता एल लिब्रो'. आता 'मुलाला पुस्तके आवडतात' करून पाहावे: 'आल निन्यो ले गुस्तान लोस लिब्रोस' ('आ' आणि 'एल' मिळून 'आल' होते). दोन्ही वचने उलट सुलट झाली. 'लेस' आहे म्हणून 'गुस्तान' लिहिणे ही नेहमीची चूक आहे आणि या जोडीवरून ती लगेच ओळखता येते.

आवडणारी गोष्ट क्रिया असेल तर क्रियापद एकवचनीच राहते, क्रिया कितीही असोत: 'मे गुस्ता कान्तार ई बाइलार', म्हणजे 'मला गायला आणि नाचायला आवडते'. मराठीतही इथे 'आवडतात' होत नाही. सहमतीही तशीच चतुर्थीत राहते. 'मलापण' साठी 'आ मी ताम्बिएन', नकारात 'आ मी ताम्पोको'. 'यो ताम्बिएन' इथे चालत नाही. आवडणारी व्यक्ती समोरच असेल तर क्रियापद द्वितीय पुरुषात जाते, 'तू मला आवडतोस' म्हणजे 'मे गुस्तास'. मात्र व्यक्तीबद्दल गुस्तार वापरले की बहुधा प्रेमाकर्षणाचा अर्थ निघतो. नुसता चांगला वाटणारा सहकारी असेल तर 'मे काए बिएन' म्हणावे.

याच घडणीची इतर क्रियापदे म्हणजे एन्कान्तार (अतिशय आवडणे; यातच 'अतिशय' आल्याने सोबत मुचो, म्हणजे 'खूप', लावत नाहीत), इन्तेरेसार (रस वाटणे) आणि फाल्तार (कमी पडणे). 'मला दहा युरो कमी पडतात' हे 'मे फाल्तान दिएस एउरोस' होते. दोलेर (दुखणे) येथे मात्र मराठी सवय दगा देते. आपण 'माझे डोके दुखते' म्हणतो आणि विद्यार्थी 'मी काबेसा दुएले' लिहितो. स्पॅनिशमध्ये दुखणे माणसाला होते आणि डोक्याला फक्त उपपद लागते: 'मे दुएले ला काबेसा'. पाय दुखत असतील तर 'मे दुएलेन लोस पिएस'.