टेस्ट बिल्डचे अंतर्गत वितरण

टेस्ट बिल्डचे अंतर्गत वितरण : मोबाइल ॲपची चाचणीसाठी बांधलेली आवृत्ती (टेस्ट बिल्ड) ॲप स्टोअरवर जाहीर न करता कंपनीतल्याच लोकांच्या फोनवर पोहोचवण्याची पद्धत. लहान कंपनीत वेगळा चाचणी विभाग नसतो. हिशेब, विक्री आणि ग्राहकांचे फोन सांभाळणारी माणसेच नवे बिल्ड रोजच्या कामात वापरून पाहतात. त्यामुळे बिल्ड त्यांच्या फोनवर विनासायास चढले पाहिजे, ही या पद्धतीतली पहिली अट ठरते.

पद्धतीचा आरंभ कुठे मानावा याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ चाचण्या हा तिचा उगम होय. या संज्ञांचे मूळ सामान्यतः आयबीएम कंपनीतील ‘ए’ आणि ‘बी’ या उत्पादन-चाचण्यांच्या टप्प्यांत शोधले जाते आणि त्यांचा काळ साधारणपणे १९५०च्या दशकात धरला जातो. दुसरे मत तिची सुरुवात २००८ मध्ये, आयफोनचे ॲप स्टोअर सुरू झाले तेव्हापासून मानते. बाहेरचे ॲप चालवायचे की नाही हे तोवर संगणकाचा मालक ठरवत असे. आयफोन मात्र ॲप बनवणाऱ्याची डिजिटल सही स्वतःच तपासून नकार देऊ लागला. वितरणातल्या आजच्या बहुतेक अडचणी या नकारातून येतात, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

आयफोनवर स्टोअरशिवाय ॲप देण्याचा जुना आणि अजून वापरात असलेला मार्ग ‘ॲड हॉक’ या नावाने ओळखला जातो. त्यात बिल्डच्या आत प्रोव्हिजनिंग प्रोफाइल नावाची एक फाइल असते. ॲप कोणते, सही कोणाची आणि ते कोणत्या फोनवर चालेल, या तिन्ही गोष्टी ती बांधून टाकते. फोनची ओळख यूडीआयडी या क्रमांकाने पटते. जुन्या फोनचा यूडीआयडी ४० अक्षरांचा असतो, तर २०१८ च्या आयफोन एक्सएसपासून तो मधल्या आडव्या रेघेसह २५ अक्षरांचा झाला. फोनच्या सेटिंग्जमध्ये तो दिसत नाही. फोन मॅकला जोडून फाइंडरमध्ये फोनच्या नावाखालच्या ओळीवर क्लिक केले की मिळतो. कर्मचारी बरेचदा त्याऐवजी सिरीयल नंबर किंवा आयएमईआय पाठवतात. अशा वेळी अक्षरे मोजली की चूक लगेच कळते.

ॲपलच्या एका विकास खात्यावर वर्षाला प्रत्येक प्रकारची जास्तीत जास्त १०० उपकरणे नोंदवता येतात, म्हणजे १०० आयफोन, १०० आयपॅड अशी. लहान कंपनीला हा आकडा मोठा वाटतो, पण एखादे उपकरण यादीतून बंद केले तरी त्याची जागा सभासदत्वाचे वर्ष संपेपर्यंत मोकळी होत नाही. लोक फोन बदलत राहतात आणि यादी हळूहळू भरत जाते.

यातला नेहमीचा घोटाळा एका उदाहरणावरून समजतो. समजा, कंपनीत चौदा जणांकडे आयफोन आहेत आणि सोमवारी सगळ्यांना नव्या बिल्डची लिंक गेली. तेरा जणांकडे ॲप चढले. चौदाव्याने आदल्या दिवशी फोन बदलला होता. त्याच्याकडे ‘ॲपची अखंडता पडताळता आली नाही’ अशा अर्थाचा संदेश आला. संदेश वाचून फाइल खराब झाली असावी असे वाटते आणि तेच बिल्ड पुन्हा पुन्हा उतरवण्यात अर्धा दिवस जातो. इतरांकडे तीच फाइल चालते आहे, हीच खरी खूण. अशा वेळी आधी फाइल उघडून यादी पाहावी :

```
unzip -q App.ipa
security cms -D -i Payload/App.app/embedded.mobileprovision
```

मॅकवर या आज्ञेने जो मजकूर येतो त्यात `ProvisionedDevices` या नावाखाली परवानगी असलेल्या फोनचे क्रमांक असतात. नवा क्रमांक तिथे नसेल तर तो खात्यात नोंदवावा. पण इथेच अनेक जण थांबतात आणि जुनीच लिंक पुन्हा पाठवतात. खात्यातली यादी वाढली तरी आधी बांधलेल्या फाइलमधली यादी आपोआप बदलत नाही. प्रोफाइल नव्याने तयार करून उतरवावी लागते आणि बिल्डवर तिच्यासह पुन्हा सही करावी लागते. त्याच मजकुरातली `ExpirationDate` ही तारीखही पाहावी. ॲड हॉक प्रोफाइल एक वर्ष टिकते. ती संपली की आदल्या दिवसापर्यंत चालणारे ॲप सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी उघडेनासे होते.

उपकरणांची यादी न ठेवता कर्मचाऱ्यांना ॲप देण्याची ॲपलची वेगळी एंटरप्राइज योजना आहे, पण तिला किमान १०० कर्मचाऱ्यांची अट असल्याने ती लहान कंपनीच्या कामाची नाही. जानेवारी २०१९ मध्ये फेसबुकने या योजनेच्या सहीचे एक संशोधन ॲप बाहेरच्या लोकांना दिले, तेव्हा ॲपलने ते प्रमाणपत्र रद्द केले आणि त्याच सहीवर चालणारी कर्मचाऱ्यांची अंतर्गत ॲपही बंद पडली.

टेस्टफ्लाइट ही सेवा २०१० च्या सुमारास स्वतंत्र कंपनी म्हणून सुरू झाली आणि २०१४ मध्ये ॲपलकडे आली. तिच्यात यूडीआयडी गोळा करावे लागत नाहीत. कंपनीच्या खात्यात भूमिका दिलेल्या १०० जणांपर्यंत अंतर्गत टेस्टर नेमता येतात आणि त्यांच्यासाठी ॲपलच्या परीक्षणाची वाट पाहावी लागत नाही. मात्र प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी बंद होते. रोजच्या कामात बिल्ड वापरणाऱ्या कंपनीने दोन महिन्यांनी नवे बिल्ड चढवण्याचा नेम ठेवणे बरे.

अँड्रॉइडची अडचण वेगळी आहे. तिथे उपकरणांची यादी नसते. एपीके फाइल ज्या ॲपमधून उघडली त्याला परवानगी दिली की ती चढते (२०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला स्वतंत्र द्यावी लागते). पण एकदा चढलेल्या ॲपवर कोणाची सही होती हे फोन लक्षात ठेवतो. त्याच ओळखनावाचे ॲप दुसऱ्या सहीने आले तर तो ते नाकारतो.

डीबग बिल्डची सही करणारी की प्रत्येक संगणकावर `~/.android/debug.keystore` या फाइलमध्ये आपोआप तयार होते. म्हणून एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरचे बिल्ड दुसऱ्याच्या बिल्डवर चढत नाही. बिल्ड सर्व्हर दर वेळी कोऱ्या यंत्रावर चालत असेल तर प्रत्येक बिल्डची सही वेगळी होते आणि टेस्टरना दर वेळी आधीचे ॲप काढावे लागते. ॲप काढले की त्यातली न पाठवलेली नोंदही जाते, आणि ज्या दोषासाठी चाचणी चालली होती त्याचा पुरावाच नाहीसा होतो. दोन फाइलींची सही जुळते का हे असे पाहतात :

```
apksigner verify --print-certs app.apk
```

दोन्हींचे SHA-256 आकडे वेगळे आले तर दोष कोडमध्ये नसून कीमध्ये आहे. उपाय म्हणजे चाचणीसाठी एकच की बनवून ती बिल्ड सर्व्हरवर सुरक्षित ठेवायची आणि टेस्टरना जाणारे प्रत्येक बिल्ड तिथेच बांधायचे. प्ले स्टोअरमधून येणाऱ्या ॲपवर बहुधा गूगलकडे ठेवलेल्या कीची सही असते, त्यामुळे हाताने दिलेले बिल्ड त्याच्यावरही चढत नाही. चाचणीच्या ॲपच्या ओळखनावाला `.test` अशी शेपटी जोडली की दोन्ही ॲप एकाच फोनवर शेजारी राहतात. मग चिन्हाचा रंगही वेगळा ठेवावा, म्हणजे खरी नोंद चुकून चाचणीच्या ॲपमध्ये होत नाही.