चार स्वर, चार घरे : डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्डची पार्श्वभूमी

हार्मोनियमवर पांढरी सात, पुढची पांढरी दोन, पांढरी चार आणि काळी चार एकदम दाबा. पांढरी एकचा सा धरला तर हे झाले शुद्ध नी, रे, शुद्ध म आणि कोमल ध. पाश्चात्त्य नावांनी बी, डी, एफ, ए फ्लॅट. लगतच्या दोन स्वरांत प्रत्येक वेळी तीन अर्धस्वरांचे अंतर आहे, आणि ए फ्लॅटपासून वरच्या बीपर्यंतही तेवढेच. तीन चोक बारा, म्हणजे सप्तकाचे बरोबर चार समान भाग झाले. सगळ्यात खालचा बी उचलून वर ठेवला तरी अंतरांची ठेवण तीच राहते. म्हणून नुसत्या कानाने या कॉर्डचा मूळ स्वर कोणता ते सांगता येत नाही. सगळे मिळून असे कॉर्ड आहेतही तीनच : बीवरचा, सीवरचा आणि सी शार्पवरचा. डीवर चौथा बांधायला जावे तर पहिलाच परत हाती येतो.

ही समानता मात्र आयती मिळालेली नाही. शुद्ध स्वरांतला कोमल गंधार षड्जाच्या सहा-पंचमांश असतो. ६/५ हे गुणोत्तर चार वेळा स्वतःशी गुणले की १२९६/६२५ येते, म्हणजे दोनपेक्षा जास्त. चार शुद्ध कोमल गंधार एकावर एक रचले तर तार सा ओलांडून सुमारे ६३ सेंट, म्हणजे अर्ध्या अर्धस्वराहूनही थोडे अधिक, पुढे जातो. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातली कळवाद्ये बहुधा मीनटोन पद्धतीने लावत. तिच्या सर्वांत परिचित प्रकारात जी शार्प आणि ए फ्लॅट यांच्यात सुमारे ४१ सेंटचा फरक पडतो आणि काळी चार एकालाच मिळते. जी शार्पला लावलेली पट्टी ए फ्लॅट म्हणून वाजवली की बेसूर लागते. त्या काळी डिमिनिश्ड सेव्हन्थ वापरात होताच, विशेषतः दुःखाच्या आणि भीतीच्या शब्दांवर. पण त्याचे घर, म्हणजे तो जिथे जाऊन स्थिरावतो ती की, एकच असे. चार घरांचे दार उघडले ते एकच पट्टी दोन्ही नावांनी चालू लागली तेव्हा.

या कॉर्डचा जन्म मायनर स्केलमधला. ए मायनरमध्ये डॉमिनंट सेव्हन्थ, म्हणजे पाचव्या स्वरावर उभा असलेला चार स्वरांचा कॉर्ड, हा ई, जी शार्प, बी, डी असा असतो. त्यातल्या ईच्या जागी एक अर्धस्वर वरचा एफ घेतला की जी शार्प, बी, डी, एफ हा डिमिनिश्ड सेव्हन्थ तयार होतो. फ्रेंच संगीतकार झाँ-फिलिप रामोने १७२२च्या आपल्या हार्मनीवरील ग्रंथात हेच स्पष्टीकरण दिले : हा स्वतंत्र कॉर्ड नसून उसना घेतलेला आहे, डॉमिनंटने आपला पाया सहाव्या स्वराला तात्पुरता दिलेला आहे. हे स्पष्टीकरण आजही कामाचे आहे, कारण कॉर्ड कुठे जाऊ पाहतो ते त्यातून कळते. जी शार्प हा लीडिंग टोन, तो एला चढणार. एफ खाली ईला उतरणार.

आता नावे बदला. तेच चार स्वर ठेवून बीला लीडिंग टोन मानले तर वाट सीकडे जाते, डीला मानले तर ई फ्लॅटकडे, एफला ई शार्प म्हटले तर एफ शार्पकडे. एकाच ध्वनीची कागदावर चार रूपे होतात आणि प्रत्येक रूपात उताराचा स्वर वेगळा असतो. रामो हे जाणून होता. १७२०च्या दशकाच्या अखेरीस छापलेल्या त्याच्या क्लाव्हसँच्या, म्हणजे हार्पसिकॉर्डच्या, संग्रहात ‘लॉनार्मोनिक’ नावाचा एक तुकडा आहे. त्यातल्या नावबदलाच्या जागेबद्दल त्याने प्रस्तावनेतच वादकांना सावध केले : पहिल्यांदा ऐकताना हे रुचणार नाही, सवय झाल्यावर रुचेल. १७३७पर्यंत तो सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या लावणीचा पुरस्कर्ता झाला होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून याव्यात हा योगायोग वाटत नाही.

व्यवहारातली कृती स्पष्ट शब्दांत मांडली ती कार्ल फिलिप इमानुएल बाखने. कळवाद्य वाजवण्यावरच्या त्याच्या ग्रंथाचा दुसरा भाग १७६२ साली आला. त्यात आयत्या वेळी रचून वाजवायच्या फँटसीवर एक प्रकरण आहे. लांबच्या कीमध्ये झटकन आणि तरीही कानाला गोड वाटेल असे पोचायचे तर यापेक्षा सोयीचा कॉर्ड नाही, असे तो तिथे सांगतो आणि असे कॉर्ड तीनच आहेत हेही नोंदवतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण बेथोव्हेनच्या ‘पाथेटिक’ सोनाटात आहे (ओपस १३, प्रकाशन १७९९). पहिल्या भागात एक्स्पोझिशन संपल्यावर सुरुवातीचा संथ ‘ग्राव्हे’ परत येतो, या वेळी जी मायनरमध्ये. लगेच एफ शार्प, ए, सी, ई फ्लॅट हा कॉर्ड येतो. जी मायनरमध्ये त्याचा अर्थ सरळ आहे : एफ शार्प हा लीडिंग टोन, तो जीला चढणार, ई फ्लॅट डीला उतरणार. पुढच्या बारमध्ये बेथोव्हेन ई फ्लॅटच्या जागी डी शार्प लिहितो. पट्टी तीच, बोटही तेच. पण आता लीडिंग टोन डी शार्प झाला, तो ईला चढतो. तिथून ई मायनरची डॉमिनंट येते आणि जलद भाग ई मायनरमध्ये सुरू होतो. दोन फ्लॅटच्या कीमधून एका शार्पच्या कीमध्ये जायला एका स्वराचे नाव बदलणे पुरले. ऐकणाऱ्याला हा बदल कॉर्ड वाजताना कळत नाही, उतार झाल्यावरच कळतो. वाचणाऱ्याला मात्र आधीच कळतो.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. नुसत्या नावबदलाने तुम्ही नेहमी तीन अर्धस्वरांच्या पटीतच सरकता. बी, डी, एफ, ए फ्लॅट थेट पोचवतो तो सी, ई फ्लॅट, एफ शार्प आणि ए या चार टॉनिकांना, म्हणजे कीच्या मूळ स्वरांना. बाकीच्यांसाठी त्याला दुसऱ्या नात्याने वापरावे लागते. त्याला सी कॉर्डवर उतरवा, पण त्या सीला टॉनिक न मानता एफची डॉमिनंट माना, की एफ गाठता आला. त्याच सीला जीचा चौथ्या स्वरावरचा कॉर्ड मानले तर जी मिळतो. चारही उतार या तीन नात्यांनी मोजले की बाराही टॉनिक एकाच कॉर्डच्या आवाक्यात येतात.

हाताने करून बघायचे असेल तर ए मायनरवरून ई फ्लॅट मेजरला जा. हे सहा अर्धस्वरांचे अंतर आहे, याहून लांब जाताच येत नाही. डाव्या हातात ए, उजव्यात खालून वर सी, ई, ए. मग डावा बीवर, उजवा डी, एफ, जी शार्प. इथपर्यंत कान अजून ए मायनरमध्येच आहे. आता उजवा हात तसाच ठेवून डाव्याचा बी फक्त अर्धस्वर खाली, बी फ्लॅटवर आणा. जी शार्प आता ए फ्लॅट झाला आणि समोर ई फ्लॅटची डॉमिनंट सेव्हन्थ उभी राहिली. शेवटी डावा ई फ्लॅटवर, उजव्यातला डी वर ई फ्लॅटला, एफ खाली ई फ्लॅटला, ए फ्लॅट खाली जीला. पाचवा स्वर बी फ्लॅट सुटतो, त्याने बिघडत नाही.

एक स्वर अर्धस्वराने उतरवण्याची ही युक्ती चारही स्वरांना लागू आहे. बी उतरवला की बी फ्लॅटवरची डॉमिनंट सेव्हन्थ मिळते, डी उतरवला की डी फ्लॅटवरची, एफ उतरवला की ईवरची, ए फ्लॅट उतरवला की जीवरची. थेट टॉनिकवर उडी मारण्यापेक्षा ही वाट मला जास्त भरवशाची वाटते. थेट उडीत नवी की लागते खरी, पण पक्की होत नाही. पुढच्याच कॉर्डला ऐकणारा परत जुन्या कीचा अर्थ लावू शकतो. बेथोव्हेननेही डी शार्पनंतर डॉमिनंट वाजवूनच ई मायनरचे दार लावून घेतले.

चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. पहिली आवाजांच्या चालीत. बी, डी, एफ, ए फ्लॅटवरून सी मेजरला जाताना ए फ्लॅट जीला उतरतो. त्याच वेळी त्याच्या खालचा डी सीला उतरवला तर डी-ए फ्लॅट या आखूड पंचमानंतर लगेच सी-जी हा पूर्ण पंचम येतो. चार आवाजांच्या लेखनात तो उघडा पडतो. उपाय म्हणजे डीला वर ईला न्यावे. सी कॉर्डमध्ये ई दोनदा येतो, येऊ द्यावा. बासमध्ये ए फ्लॅट असेल तर तो जीवर उतरेल आणि टॉनिक पंचमावर उभा राहील. तिथे थांबू नये, डॉमिनंट घेऊन मगच सीवर बसावे.

दुसरी चूक लिहिण्यातली. पियानोवर जी शार्प लिहा की ए फ्लॅट, ध्वनी एकच. पण व्हायोलिनवाला किंवा गायक लिहिलेल्या नावाप्रमाणे स्वर झुकवतो, जी शार्प वरच्या एकडे आणि ए फ्लॅट खालच्या जीकडे. बदल जिथे व्हायचा त्या बारमध्ये नाव बदलले नाही तर वादक एका दिशेला ताणतो आणि पुढचा स्वर दुसऱ्या दिशेला असतो. तालमीत ‘इथे सूर का लागत नाही’ असा वाद झाला की आधी पार्टमधली ही नावे तपासावीत.

एकोणिसाव्या शतकात हा कॉर्ड वाटेवरचा न राहता मुक्कामाचा झाला. १८२१ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा झालेल्या वेबरच्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या ऑपेरात लांडग्यांच्या दरीचा प्रवेश आहे. त्यातल्या मुख्य की एफ शार्प मायनर, ए मायनर, सी मायनर आणि ई फ्लॅट अशा आहेत. एकत्र वाचल्या तर तो एक डिमिनिश्ड सेव्हन्थच होतो. पुढे वादळ, खून, भूत, जे काही आले त्याला हाच कॉर्ड, तोही थरथरत्या तंतुवाद्यांवर. मूक चित्रपटांच्या पियानोवाल्यांनी खलनायक पडद्यावर आला की तो वाजवला आणि त्याची धार पार बोथट झाली. शोनबर्गने १९११च्या हार्मनीच्या पुस्तकात त्याला कोणत्याही एका कीचा नसलेल्या भटक्या कॉर्डांत घातले आणि अतिवापराने तो कसा निस्तेज झाला तेही लिहिले. लागोपाठ तीन-चार डिमिनिश्ड सेव्हन्थ अर्धस्वराने सरकवून पाहिले की त्याचे म्हणणे पटते : दुसऱ्यानंतर कान उताराची वाट बघणे सोडून देतो, आणि मग पुढे कोणतीही की आली तरी धक्का बसत नाही.