नमुना हाती नसताना मराठी टंक ओळखणे : पार्श्वभूमी

पुण्यात जुन्या दिवाळी अंकांच्या गप्पांत एखाद्या मथळ्याचा टंक कोणता होता, हा प्रश्न निघतोच. अंक रद्दीत गेलेला असतो, फोटोही नसतो. आठवत असतं एवढंच : ल पाकळीचा, श देठाचा, उकाराची शेपटी लांब, रेघांची टोकं तिरकी कापलेली.

शिशाच्या खिळ्यांनी छपाई होई त्या काळात यातल्या पहिल्या दोन खुणा बरंच काम करत. मुंबईच्या वळणात पाकळीचा ल असे, उत्तरेकडे दंडाचा ल आणि शेंडीचा श. मधल्या काळात लिपीच्या प्रमाणीकरणात हिंदीची रूपंच मराठीलाही लावली गेली. २००९च्या नोव्हेंबरात शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श परत आणले. हा निर्णय योग्यच होता, उशिरा झाला इतकंच. त्यावर वाद झाले ते अस्मितेचे. टंक ओळखणाऱ्याची अडचण वेगळीच आहे. युनिकोडमध्ये दोन्ही ल एकाच संकेतांकाचे. बऱ्याच नव्या फाँटांत दोन्ही आकार असतात, आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली असेल तरच पाकळीचा उमटतो. त्यामुळे अलीकडच्या छपाईतला पाकळीचा ल टंकाबद्दल नव्हे, सेटिंगबद्दल सांगतो. म्हणून आधी अंकाचं साल विचारायचं.

समजा, नव्वदच्या दशकाचा मधला काळ आणि मथळ्यात ‘परिस्थिती’ हा शब्द. विंडोज २०००सोबत आलेला मंगल हा फाँट इथेच बाद होतो. तेव्हाच्या डीटीपी फाँटांत २५६ घरांत सगळी जोडाक्षरं बसवायची असत, म्हणून ऱ्हस्व वेलांट्यांचे प्रकार मोजकेच. एकच वेलांटी असेल तर ‘रि’वर ती नीट बसे, ‘स्थि’वर मात्र तिचा गोल दंडापर्यंत न पोचता अलीकडेच थांबे. हे अपुरेपण वाचकाच्या लक्षात राहतं, कारण ते डोळ्याला खटकतं. उलट वेलांटी दोन्हीकडे अचूक पोचत होती असं कुणी ठामपणे सांगितलं, तर एकतर फाँटात एकाहून जास्त वेलांट्या असतील, नाहीतर मथळा चित्रकाराने हाताने काढलेला. तेव्हा एकच विचारावं : तेच अक्षर दोनदा आलं असेल, तर दोन्ही वेळा हुबेहूब होतं का? जरा जरी फरक असेल, तर फाँटांच्या याद्या चाळण्यात अर्थ नाही.

ते छापील टंकच असेल, तर तिरक्या टोकांवरून बोरूच्या वळणाचे टंक धरायचे आणि सारख्या जाडीचे सोडायचे. ‘ठळक होता’ यावर भरवसा ठेवू नये. शाई पसरली की साधा टंकही ठळक दिसतो. शेपटीची लांबी माणसं वाढवूनच सांगतात, त्यामुळे ती शेवटी धरावी. प्रमाणासाठी मथळा पानाच्या रुंदीत एका ओळीत मावला होता का, हे विचारणं बरं. अंकाचा आकार आणि अक्षरांची उंची अंदाजे ठाऊक असेल, तर अक्षर रुंद की आवळ ते त्यावरून निघतं. मग उरलेल्या टंकांत ‘परिस्थिती’ जुळवून, छापून त्या माणसापुढे ठेवायचं.