आधी थायरॉइड, मग ग्रोथ हार्मोन: हा क्रम कसा ठरला

इंदूरच्या मराठी घरांत मूल बुटकं दिसलं की आजी म्हणते, "आमच्याकडे सगळे उशिराच वाढतात." बऱ्याचदा ते खरंही असतं. आई-वडील मात्र हल्ली थेट ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनांची चौकशी करतात. डॉक्टर त्याआधी थायरॉइडची साधी रक्ततपासणी लिहून देतात, तेव्हा ती टाळाटाळ वाटते. तशी ती नाही, आणि यामागे शंभरएक वर्षांचा इतिहास आहे.

थायरॉइडचा उपचार आधी सापडला. 1891 मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून थायरॉइड कमी पडलेल्या एका बाईला बरं केलं. पुढे असा अर्क दिलेली खुरटलेली मुलंही वाढू लागली. 1914 च्या नाताळात एडवर्ड केंडॉल यांनी त्यातला मुख्य घटक, थायरॉक्सिन, वेगळा केला. मेंढीचं किंवा डुकराचं थायरॉक्सिन माणसाला चालतं, त्यामुळे उपचार स्वस्तात सुरू झाला.

ग्रोथ हार्मोनचं तसं झालं नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत ते बनतं. गाईच्या पिट्युटरीतून ते 1940 च्या दशकात शुद्ध रूपात मिळालं, पण मुलांना देऊन उपयोग होईना. माणसाला माणसाचंच लागतं, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. 1958 मध्ये मॉरिस रेबन यांनी मृतदेहांच्या पिट्युटरीतून काढलेलं हार्मोन देऊन एका मुलाची उंची वाढवून दाखवली. साठा इतका तुटपुंजा होता की ते कोणाला द्यायचं हे काटेकोरपणे ठरवावं लागे, आणि निदानाच्या कडक चाचण्यांची सवय त्याच काळातली. 1985 मध्ये असं हार्मोन घेतलेल्या काही तरुणांना क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं उघड झालं आणि अमेरिकेत त्याचा वापर थांबला. त्याच वर्षी जीवाणूंकडून बनवून घेतलेलं हार्मोन तिथे बाजारात आलं. टंचाई संपली, किंमत मात्र आजही मध्यमवर्गीय घराला जड जाते.

क्रमाचं कारण शरीरातच आहे. थायरॉइड कमी असलं की हाडांच्या टोकांकडची वाढ मंदावतेच, शिवाय पिट्युटरीही ग्रोथ हार्मोन पुरेसं सोडत नाही. अशा मुलाची ग्रोथ हार्मोनची चाचणी केली तर कमतरता नसतानाही ती दिसते.

एक नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. मुलगी सहाव्या वाढदिवसाला 114 सेंटीमीटर, सातव्याला 119.5, आठव्याला 123, नवव्याला 125. उंची अजून तक्त्याच्या रेषांतच बसते, म्हणून कोणी घाबरत नाही. पण वाढीचा वेग पाहा: साडेपाच, साडेतीन, मग दोन. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर अपेक्षित असतात. चाराच्या खाली गेलं की शोध घ्यायलाच हवा. वजन मात्र वाढतंय, बद्धकोष्ठता आहे, थंडी सोसत नाही, आणि हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय साडेसहा. थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन टीएसएच शंभराच्या वर, आणि टी-४ म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन अगदी कमी. निदान झालं. या अवस्थेत एमआरआय केला तर पिट्युटरी फुगलेली दिसू शकते आणि ट्यूमरची शंका येते. गोळी सुरू झाल्यावर बहुतेकदा ती आपोआप उतरते. ही थायरॉक्सिनची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यायची. पोहे-जलेबी आणि दूध निदान अर्ध्या तासाने. एवढ्यानं मागे पडलेली उंची झपाट्याने भरून निघू लागते, जरी फार उशीर झाला असेल तर सगळी भरत नाही.

थायरॉइड ठीक निघालं तरी ग्रोथ हार्मोनकडे लगेच वळत नाहीत. गव्हावर पोसलेल्या माळव्यात सीलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, तपासणं शहाणपणाचं, आणि बुटक्या मुलीत टर्नर सिंड्रोमसाठी, म्हणजे एक्स गुणसूत्रातल्या दोषासाठी, गुणसूत्रं. मग संशय पक्का कधी? वेग मंद, हाडांचं वय मागे, चेहरा बाळासारखा, पोटावर चरबी, किंवा जन्मानंतर लगेच साखर वारंवार उतरल्याचा इतिहास. सहज काढलेल्या रक्तात ग्रोथ हार्मोन मोजून काही कळत नाही, कारण ते मुख्यतः झोपेत, थांबून थांबून सुटतं. म्हणून ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारं आयजीएफ-१ पाहतात आणि ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारं क्लोनिडिन किंवा ग्लुकागॉन देऊन काही तास दर अर्ध्या तासाला रक्त घेतात. बहुतेक वेळा अशा दोन चाचण्यांत प्रतिसाद कमी आला तरच कमतरता मानतात.

इंजेक्शनं सुरू झाल्यावरही थायरॉइड सुटत नाही. पिट्युटरीच बिघडलेली असेल तर ग्रोथ हार्मोनच्या उपचाराने थायरॉइडची झाकलेली कमतरता वर येऊ शकते. तिथे टीएसएच नॉर्मल दिसतं आणि टी-४ घसरतं. त्यामुळे या मुलांत नुसतं टीएसएच पाहून भागत नाही. दर काही महिन्यांनी टी-४ ही मागावं लागतं.