ठिपका चुकला की तोंड चुकलं? गल्लीत उभ्या माणसाचा नकाशा

पहाटे साडेपाचला सांबऱ्याच्या विमानतळावर जायला निघायचं होतं. बेळगावच्या शहापुरात मावशीच्या दारात बॅग घेऊन उभा होतो. ॲपवर गाडी आलेली दिसत होती, गल्लीत मात्र कुत्रंसुद्धा नव्हतं. फोन लावला तर ड्रायव्हर म्हणाला, "काका, मी लोकेशनवरच थांबलोय की. तुम्ही कुठं हायसा?" तो मागच्या गल्लीत होता. मधे पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांची एक रांग. आरपार जायला बोळ नाही, गाडीला वळसा घालूनच यावं लागणार.

मावसभाऊ दारातून ओरडला, "अरे, फोन आठाच्या आकड्यासारखा फिरव, ठीक होतंय." मी फिरवला. नकाशावरच्या निळ्या ठिपक्यातून निघणारा झोत बारीक झाला आणि नेमका मावशीच्या दाराकडे वळला. ठिपका मात्र होता तिथंच, मागच्या गल्लीत.

घोटाळा इथंच होतो. "लोकेशन चुकतंय" असं म्हणताना आपण दोन वेगळे बिघाड एकाच नावानं हाकतो. एकात फोनला आपण कुठं आहोत ते कळत नाही. दुसऱ्यात आपण कुठं तोंड करून उभे आहोत ते कळत नाही. पहिल्याचं काम आकाशातल्या उपग्रहांशी, दुसऱ्याचं फोनच्या आतल्या होकायंत्राशी. आठाचा आकडा हा दुसऱ्यावरचा उतारा आहे. पहिल्याला तो काडीचा लागू पडत नाही.

ओळखायचं कसं? गूगल मॅप्समध्ये ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं, ते जागेच्या खात्रीचं. ठिपक्यातून निघणारा झोत दिशेच्या खात्रीचा. वर्तुळ मोठं असेल तर फोनला जागेची खात्री नाही, झोत पसरट असेल तर दिशेची नाही. पण वर्तुळावर फार विसंबू नका. इमारतींच्या मधे फोन कधी कधी छोटंसं, ठाम वर्तुळ दाखवून चुकीच्या गल्लीत उभा असतो. त्यापेक्षा वीस पावलं सरळ चाला. ठिपका तुमच्याबरोबर, पण शेजारच्या गल्लीतून समांतर चालत असेल तर जागा चुकलीय. ठिपका तुमच्याच गल्लीत नीट पुढं सरकतोय आणि झोत मात्र पाठीमागं दाखवतोय, तर फक्त दिशा चुकलीय. दोन्ही एकदम बिघडलेलं असू शकतं, आणि तेव्हा माणूस दिशा दुरुस्त करतो आणि जागाही दुरुस्त झाली असं धरून चालतो. मी तेच केलं.

आता जागा का चुकते ते. वाचताना उंच इमारती म्हटलं की डोळ्यांपुढं मुंबई येते, पण खरा प्रश्न उंचीचा नाही, उंची आणि रुंदीच्या प्रमाणाचा आहे. बेळगावच्या जुन्या भागात गल्ली पाच मीटरची आणि दोन्ही बाजूंना तळमजल्यावर तीन मजले चढवलेली घरं, म्हणजे साधारण बारा मीटर. मधोमध उभं राहून वर बघितलं तर दोन्ही बाजूंनी 78 अंशांपर्यंत भिंतच. डोक्यावर आकाशाची एक चिंचोळी पट्टी उरते. गल्ली पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेचे आणि पश्चिमेचे उपग्रह गल्लीच्या तोंडांतून बरे दिसतात, उत्तर-दक्षिणेचे जवळजवळ सगळे झाकले जातात.

आणि फोन जागा काढतो ती अंतरांवरून. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. सिग्नल तिथून निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, आणि अशा किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून जागा पक्की करायची. प्रकाशाच्या वेगानं येणारा सिग्नल एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या दोन कोटीव्या भागाएवढा उशीर झाला तरी 15 मीटरचा फरक पडला.

हा उशीर भिंती घडवून आणतात. दक्षिणेचा एक उपग्रह दक्षिणेकडच्या घरांमागं लपलेला आहे. त्याचा सरळ सिग्नल फोनपर्यंत येत नाही, पण तो उत्तरेकडच्या भिंतीवर आपटून खाली येतो. एकदा आपटला तर चार-पाच मीटर जादा, दोन-तीनदा इकडून तिकडं आपटत आला तर दहा-पंधरा. फोनला आपटणं कळत नाही. त्याला वाटतं, हा उपग्रह आपल्यापासून जरा लांब आहे. म्हणून तो आपल्याला दक्षिणेपासून दूर, म्हणजे उत्तरेला ढकलतो. ज्या भिंतीनं आरशासारखं काम केलं, ठिपका तिच्याच बाजूला, कधी तिच्या पलीकडंही, जातो.

त्यात उपग्रहांची मांडणी भर घालते. नीट दिसणारे सगळे गल्लीच्याच ओळीत असतील तर गल्लीच्या लांबीत तुम्ही कुठं आहात हे फोन बरंच बरोबर सांगतो, पण आडव्या बाजूला त्याला धरायला काही उरत नाही. तिथं छोटी चूक दुप्पट-तिप्पट होऊन बसते. पाठीला पाठ असलेल्या दोन घरांची लांबी मिळून मावशीची आणि मागची गल्ली यांत पंचवीस-तीस मीटर अंतर असेल. चौदा-पंधरा मीटरची चूक दुप्पट झाली की काम झालं. म्हणूनच माणूस आपल्याच गल्लीत पुढं-मागं फारसा सरकत नाही, तो शेजारच्या गल्लीत जाऊन पडतो. वर नकाशा वाहनासाठी रस्ता दाखवत असेल तर तो ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून चिकटवतो. मग ठिपका घराच्या छपरावर न दिसता मागच्या रस्त्यावर अगदी व्यवस्थित उभा दिसतो, आणि शंका यायला जागाच राहत नाही.

ही चूक दहा ते पन्नास मीटरांतली असते. ठिपका एकदम शहापुरातून टिळकवाडीत गेला तर भिंतींना दोष देऊ नका. तिथं एक तर ॲपला अचूक जागा बघायची परवानगीच दिलेली नसते, नाही तर आसपासच्या वाय-फायनं फसवलेलं असतं. फोन शेजारपाजारच्या राउटरांवरूनही जागा ओळखतो, आणि कुणी भाडेकरू टिळकवाडीतून घर बदलून आला की त्याचा राउटर काही दिवस जुनाच पत्ता सांगत राहतो.

दिशेचं प्रकरण त्यामानानं साधं. फोनमधलं होकायंत्र पृथ्वीचं चुंबकत्व मोजतं आणि ते फार क्षीण असतं. पाकिटासारख्या कव्हरचं लोहचुंबकी बटण, दुचाकीवरचा चुंबकी होल्डर, दुकानाचं लोखंडी शटर, आपण टेकून उभे आहोत ती कार, यातलं काहीही त्याला भरकटवतं. कव्हर काढा, लोखंडापासून दोन-चार पावलं लांब व्हा, मग चार-पाच वेळा आठ काढा. एवढ्यानं भागतं. तेही नको असेल तर नुसते दहा-पंधरा पावलं चाला. चालत्या माणसाची दिशा फोनला ठिपका कुठून कुठं सरकला यावरूनही काढता येते. एका जागी उभ्या माणसाची दिशा मात्र उपग्रह सांगूच शकत नाहीत, तिथं होकायंत्राशिवाय गत्यंतर नाही.

जागेचा उपाय गाडी बोलवायच्या आधी करायचा असतो. माझी मूळ चूक तीच होती. मी गाडी आत माजघरात बसून मागवली. वर स्लॅब, भोवती भिंती, तिथं ठिपका पडेल तो पडेल. बाहेर आल्यावर तो सुधारला असता तरी उपयोग नव्हता, कारण गाडी बोलावताना नकाशावर पडलेली खूण ड्रायव्हरकडं गेली की ती सहसा आपल्यामागून फिरत नाही.

सेटिंग एकदाच बघून ठेवा. अँड्रॉइडवर `Location` मध्ये `Location services`, त्यात `Google Location Accuracy` चालू हवं. काही फोनांत नावं थोडी वेगळी असतात. याचा अर्थ उपग्रहांच्या जोडीला वाय-फाय आणि मोबाइल टॉवरही वापर. इंटरनेट मोबाइलचं वापरत असलात तरी वाय-फाय बंद करू नका, जोडलेलं नसलं तरी चालतं. गाडीच्या ॲपच्या परवानगीत `Use precise location` सुरू आहे ना ते बघा. आयफोनवर तेच `Precise Location`.

मग फोन घेऊन गल्लीच्या तोंडाशी, चौकात या. चार दिशांना आकाश मोकळं झालं की आडव्या बाजूचे उपग्रहही थेट दिसू लागतात. अर्धा-एक मिनिट थांबा, वर्तुळ आकसू द्या. ठिपक्यावर बोट ठेवल्यावर `Calibrate` आणि त्यात कॅमेरा वापरायचा पर्याय दिसला तर समोरच्या इमारतींवर कॅमेरा धरा. आठाच्या आकड्यानं न होणारं काम हा प्रकार करतो, तो जागाही सुधारतो. पण तो चालतो गूगलनं काढलेल्या रस्त्यांच्या फोटोंवर, म्हणजे स्ट्रीट व्ह्यूवर. 2022 मध्ये स्ट्रीट व्ह्यू भारतात आलं तेव्हाच्या पहिल्या दहा शहरांत पुणे, नाशिक, अहमदनगर होतं, बेळगाव नव्हतं. पर्याय दिसला नाही तर शोधत बसू नका.

आणि ठिपका बरोबर दिसला तरी गाडीची खूण हातानंच ठेवा. नकाशा दोन बोटांनी मोठा करायचा, आपल्या गल्लीचं नाव वाचायचं आणि खूण ओढून गल्लीच्या तोंडाशी सोडायची, घराच्या छपरावर नाही. छपरावर सोडली की ॲप ती सगळ्यात जवळच्या रस्त्याला चिकटवतं, आणि पाठीला पाठ असलेल्या घरांत तो रस्ता मागचाही असू शकतो. चालू लोकेशन व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी तोच चुकलेला ठिपका जातो, फक्त आता हलताना दिसतो.

पुढच्या वेळी मावशीच्या घरून पुन्हा गाडी मागवली. या खेपेला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभं राहून खूण ठेवली आणि ड्रायव्हरला लिहिलं: "गल्लीत शिरू नका. तोंडाशी किराणा दुकान आहे, निळं शटर, समोर पिंपळ. तिथंच उभा आहे." दोनच मिनिटांत त्याचा फोन आला. "पिंपळ दिसला, काका. हात करा की." ॲपवर त्याची गाडी अजून मागच्या गल्लीतच दिसत होती.