बोलणं कागदावर विस्कटलेलं का दिसतं

बेळगावात दोन मित्रांच्या गप्पा टेप करून कुणी शब्द न शब्द उतरवल्या, तर कागदावर साधारण असं काही दिसेल. नमुना समजावण्यापुरता रचलेला आहे. चौकटी कंस म्हणजे दोघे एकदम बोलले, आणि आकडा म्हणजे सेकंदांतला थांबा.

क : काल लाईटबिल भरायला गेलतो न्हवं, तर तितं..
ख : होय की.
क : तितं लाईन [एवढी
ख :               [असतेच की ती
क : एवढी लाईन, (०.६) म्हंजे मी, आम्ही दोघंबी तसंच परत आलो.

हेच गद्यात लिहिलं तर 'काल आम्ही दोघे लाईटबिल भरायला गेलो होतो, पण रांग मोठी असल्याने तसेच परत आलो' एवढ्यावर भागतं. उतारा वाचणाऱ्याला वाटतं, 'क'ला नीट बोलता येत नाही. पण 'ख'ला त्यातलं काहीच खटकलेलं नाही.

उताऱ्याकडे जरा जवळून बघू. 'एवढी' दोनदा आलं, कारण पहिलं 'ख'च्या आवाजाखाली दबलं. आपला शब्द बुडाला हे 'क'ला जाणवलं आणि त्यानं तो मोकळ्या जागेत पुन्हा टाकला. 'मी, आम्ही दोघंबी' ही दुरुस्ती आहे. कागदावर 'मी' खोडून टाकता येतं, आवाजात खोडरबर नसतो, त्यामुळे चूक आणि सुधारणा दोन्ही ऐकू येतात. 'न्हवं' तर माहिती देतच नाही. तो 'ख'कडून हुंकार मागतो, आणि 'होय की' म्हणून तो मिळतोही.

बोलताना हे असं का होतं, याचं उत्तर वेळेत आहे. २००९ मध्ये दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांची तुलना प्रसिद्ध झाली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास होतं. समोरच्या चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव उच्चारायलाही माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त तयारी लागते. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. अंदाज चुकला की दोघे एकमेकांवर आदळतात, अडखळतात, पुन्हा सुरुवात करतात. लिहिणाऱ्याला असा कुणी तोडत नाही.

पूर्वी हे कुणाला दिसत नव्हतं, कारण कागदावर येण्याआधीच बोलणं झाडून घेतलं जाई. मुळात पूर्णविराम, स्वल्पविराम ही वाचणाऱ्याची सोय. मोडीत शब्दसुद्धा एकमेकांना चिकटून लिहीत; आजची विरामचिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात छपाईच्या काळात रुळली आणि त्याचं श्रेय इंग्रज कोशकार मेजर कँडी यांना देतात. इंग्रजी अमदानीतले अधिकारी ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. बोलींचे नमुने म्हणून त्यात बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीची भाषांतरं आहेत. व्याकरणासाठी ती मोलाची, पण सांगून लिहवून घेतलेल्या गोष्टीत कुणी कुणाला मध्येच तोडत नाही.

चित्र पालटलं ते टेपरेकॉर्डरनं. तीच जागा वीस वेळा मागे नेऊन ऐकता येऊ लागली. १९६० च्या दशकात अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी लॉस एंजेलिसच्या आत्महत्या-प्रतिबंध केंद्रात आलेल्या फोनच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास सुरू केला. कंस, थांबे, लांबवलेले स्वर टाइपरायटरच्या खुणांनी दाखवायची पद्धत गेल जेफरसन यांनी घडवली. इमॅन्युएल श्चेग्लॉफ यांच्यासह या तिघांचा, बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते यावरचा निबंध १९७४ साली आला. ज्याला तोवर कचरा समजत होते, त्यातच नियम सापडले.

तरी बोलण्याची पूर्ण प्रत अशी काही नसतेच. हात लांब करून दाखवलेलं 'एवढी' वरच्या उताऱ्यात कुठं आहे? काय ठेवायचं, काय गाळायचं, हे उतरवणाराच ठरवतो, आणि सीमाभागात त्याचं काम आणखी अवघड होतं. 'जाऊलोय' ऐकलं आणि 'जात आहे' लिहिलं की बोली गेली. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी बोलण्यातलं 'केलं', 'असं' लिहायला मुभा दिली. बाकीच्या बोलरूपांचं काय करायचं हे ज्याच्या त्याच्यावर.

त्यातून वाक्याच्या मधोमध कन्नड आलं की लिपीच तोकडी पडते. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए, तसेच ओ, वेगळे असतात. आपल्या नेहमीच्या देवनागरीत तो भेद नाही. ऱ्हस्व ओ असलेलं 'दे' या अर्थाचं क्रियापद आणि दीर्घ ओ असलेला 'शिंग' हा शब्द, दोन्ही 'कोडु' असेच लिहिले जातात. खानापूर-बेळगावकडच्या वाचकाला संदर्भावरून कळेल. पुण्यात बसून तोच उतारा तपासणाऱ्याला टेप मागवावी लागेल.