पातेलं गुणगुणतं तेव्हा

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आत्याने दिवाळीनंतर इंडक्शन शेगडी वापरणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाली, "अरे, दूध ठेवलं की भुंगा अडकल्यासारखी गुंऽऽ करते. आतलं काहीतरी सुटलंय. शॉक बसला म्हणजे?" एका रविवारी सकाळी मी शेगडी बघायला गेलो. निघताना शेगडी ओट्यावर पुन्हा रुजू झाली होती आणि पातेलं मात्र फडताळात गेलं होतं.

आधी बिडाचा तवा ठेवला आणि बटण दाबत दाबत शेगडी 1600 वॅटवर नेली. पंख्याच्या घरघरीपलीकडे काही ऐकू आलं नाही. मग तेच दुधाचं पातेलं, दोन लिटर पाणी घालून. गुंऽऽ सुरू. 800 वॅटवर आणलं तर आवाज एकदम गेला. परत वाढवून लाटण्याच्या टोकाने पातेल्याचा काठ खाली दाबला, तर सूर बदलला. इथपर्यंत आल्यावर शेगडीवरचा संशय जवळजवळ संपतो. काचेखालच्या कॉइलचा वेढा किंवा तिच्या खाली चिकटवलेली फेराइटची पट्टी सैल झाली असती, तर तव्याखालीही ती गुणगुणली असती.

आता खरा प्रश्न. शेगडीच्या कॉइलमधून वाहणारा प्रवाह सेकंदाला साधारण 20 ते 40 हजार वेळा पुढे-मागे होतो. माणसाचा कान फार तर 20 हजारांपर्यंत पोचतो, तोही लहानपणी. पन्नाशीनंतर 12-14 हजारांच्या वरचं फारसं उरत नाही. मग साठी ओलांडलेल्या आत्याला ऐकू काय येत होतं?

उत्तर भिंतीतल्या प्लगपासून सुरू होतं. घरात येणारी वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होणारी. शेगडीतला रेक्टिफायर आधी तिची मागे जाणारी लाट उलटून पुढे वळवतो, त्यामुळे एका दिशेच्या 100 उसळ्या तयार होतात. मोबाइलच्या चार्जरमध्ये या उसळ्या मोठ्या कपॅसिटरने सपाट करतात. इंडक्शनमध्ये तो कपॅसिटर मुद्दाम लहान ठेवलेला असतो, नाहीतर शेगडी लाइनमधून झटक्याझटक्याने वीज ओढू लागेल. परिणामी कॉइलमधला तो अतिवेगवान प्रवाह एकसारख्या जोराचा राहत नाही. सेकंदाला 100 वेळा तो फुगतो आणि ओसरतो.

या प्रवाहामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात भोवरी प्रवाह निर्माण करतं आणि बूड तापतं. त्याच क्षेत्रामुळे बुडावर थोडासा यांत्रिक जोरही येतो. तो प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हजारोंच्या वेगाचा झटका कानाला कळत नाही, पण 100 वेळा होणारी चढउतार कळते. मी फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप लावून पाहिलं. सुळके 100, 200, 300, 400 अशा टप्प्यांवर उभे होते. हार्मोनियमवर शोधायचं झालं तर 100 हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळचा स्वर.

नुसता 100 हर्ट्झचा सूर मंद, खर्जातला असतो. आत्याला तो भुंग्यासारखा चिरका ऐकू येत होता, आणि इथे भांड्याच्या बुडाची गोष्ट सुरू होते. तंबोऱ्याची तार ताणून छेडली तर साधा स्वर निघतो. घोडीवर जवारी लावून तार पृष्ठभागाला जेमतेम स्पर्शू लागली, की तीच तार झणझणते, कारण प्रत्येक हेलकाव्यात ती टेकते आणि सुटते, आणि त्यातून मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर उमटतात. पातेल्याच्या बुडात असंच टेकणं-सुटणं चाललं होतं.

भांडी बाजारात ज्याला 'सँडविच बॉटम' म्हणतात, त्यात तीन थर असतात. आत चुंबकाला न चिकटणारं स्टील, मध्ये उष्णता पसरवायला ॲल्युमिनियमची जाड चकती आणि खाली चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची पातळ ताटली. तापते मुख्यतः ही सगळ्यात खालची ताटली, आणि तिच्यातही बाहेरच्या जेमतेम कागदाएवढ्या जाडीच्या थरातच उष्णता निर्माण होते, कारण इतक्या वेगाने बदलणारा प्रवाह लोहचुंबकीय धातूत खोलवर शिरत नाही. सगळा जोरही याच ताटलीवर येतो. थर एकजीव असतील तर आवाजाला वाव नाही. कुठे सुटले असतील, तर तो तुकडा सेकंदाला 100 वेळा ॲल्युमिनियमवर आपटत राहतो. बिडाचा तवा एकसंध ओतलेला असतो, म्हणून तो गप्प होता.

"हे पातेलं कधी कोरडं जळालं होतं का?" मी विचारलं. आत्या जरा थांबून म्हणाली, "दिवाळीत बासुंदी आटवत होते. फोन आला, आणि पार कोळसा झाला."

हिशोब करून पाहा. पातेल्याचं बूड 16 सेंटिमीटरचं. आत द्रव असेपर्यंत ते शंभर अंशांच्या फार वर जात नाही. आटलं की तापमान भराभर चढतं. समजा तापमान 300 अंशांनी वाढलं. 16 सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची चकती साधारण 1.1 मिलिमीटर पसरते, खालचं स्टील जेमतेम अर्धा. दोघांत 0.6 मिलिमीटरची ओढाताण झाली आणि जोड कडेने सुटू लागला. दूध तापवताना हाच फरक दीड-दोन दशांश मिलिमीटर असतो आणि जोड तो निमूटपणे सोसतो.

पातेलं पालथं घालून बोटाच्या पेराने जागोजागी ठोकलं. मधोमध 'टण' असा भरीव आवाज, एका कडेला 'टच' असा पोकळ. बाजारातली जुनी मंडळी भांडं ठोकून घेतात ते उगाच नाही. त्याच कडेला तपकिरी-निळसर डागही होता. तिथली ताटली उष्णता वर देऊ शकत नसल्याने स्वतःच जास्त तापत होती. चुंबक लावून मात्र यातलं काही कळत नाही. तो सुटलेल्या ताटलीलाही तितक्याच जोराने चिकटतो.

800 वॅटवर आवाज का थांबला, तेही यातूनच येतं. अर्ध्या शक्तीवर जोरही साधारण अर्धा होतो, आणि सैल तुकडा हलवायला लागणारा किमान जोर गाठला जात नाही. त्यामुळे आवाज हळूहळू कमी होण्याऐवजी एकदम गायब होतो. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर मात्र बऱ्याच शेगड्या थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असं करतात. तिथे गुणगुण तुटक ऐकू येते. ती शेगडीची सवय आहे, बिघाड नव्हे.

दोन चुलींच्या इंडक्शनवर कधी तार ओढल्यासारखी बारीक शिट्टी येते, तिचं कारण वेगळं. एक कॉइल 24 हजारांवर आणि शेजारची 26 हजारांवर चालली, तर भांड्यात दोन्हींचं क्षेत्र मिसळून 2 हजार हर्ट्झच्या फरकाचा सूर निघतो. एक चूल बंद केल्यावर शिट्टी थांबली, तर भांडं निर्दोष समजावं.

सुटलेला जोड घरी दुरुस्त होत नाही. आत्याचं पातेलं मंद आचेवर अजून वापरता आलं असतं, पण डागाची ती कड तापतच राहिली असती. "मग यात आता काय ठेवू?" तिने विचारलं. गॅसवरही तीच जागा जळणार होती. सध्या त्यात कांदे-बटाटे आहेत.